हवा कोणी उचलली? आरोह, प्रतिरोध आणि आघाडीचा पाऊस

भूगोलाच्या पेपरात पावसाच्या प्रकारांवर प्रश्न हमखास येतो आणि बहुतेक मुले तिन्ही आकृत्या पाठ करून जातात. सूर्य आणि वर जाणारे बाण काढले की आरोह पर्जन्य, डोंगर काढला की प्रतिरोध, तिरकी रेघ काढली की आघाडी. पण "महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि वाईला एवढा कमी का?" असा प्रश्न थोडा फिरवून आला की गाडी अडते. तीन वेगळे पाऊस आहेत असे समजून पाठांतर केलेले असते, म्हणून ती अडते. आभाळात घडणारी क्रिया तिन्ही वेळा एकच असते. दमट हवा वर जाते, थंड होते, तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होते. फरक एवढाच की त्या हवेला वर कोणी उचलले. तापलेल्या जमिनीने, डोंगराने, की शेजारच्या जड, थंड हवेने? हे एकदा कळले की आकृती आपोआप सुचते.

## वर गेली की हवा थंड का होते?

"वर थंडी असते म्हणून" हे उत्तर वहीत बऱ्याचदा दिसते, पण ते पुरेसे नाही. हवा वर गेली की तिच्यावरचा दाब कमी होतो, त्यामुळे ती पसरते. पसरण्यासाठी लागणारी ऊर्जा ती स्वतःच्याच उष्णतेतून खर्च करते आणि थंड होते. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना व्हॉल्व्हपाशी बोट धरले तर बाहेर येणारी हवा गार लागते, ते याच कारणाने. ढग न झालेली हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होते.

आता दुसरी गोष्ट, दवबिंदू. हवा थंड होत होत ज्या तापमानाला बाष्पाने पूर्ण भरते, म्हणजे संपृक्त होते, ते तापमान म्हणजे तिचा दवबिंदू. हवा वर जाताना दवबिंदूही थोडा खाली येतो, किलोमीटरमागे साधारण २ अंश. म्हणजे तापमान आणि दवबिंदू यांच्यातले अंतर किलोमीटरला सुमारे ८ अंशांनी कमी होते. १ अंशाचे अंतर मिटायला १२५ मीटर चढावे लागते. यातून एक अतिशय उपयोगी सूत्र मिळते:

```
ढगाच्या तळाची उंची (मीटर) = १२५ × (तापमान − दवबिंदू)
```

मे महिन्यातल्या एखाद्या कोरड्या दुपारी तापमान ३८ आणि दवबिंदू १८ असेल, तर ढगाचा तळ २५०० मीटरवर. जुलैत कोकणात तापमान २८ आणि दवबिंदू २५ असेल, तर तळ फक्त ३७५ मीटरवर. वळवाचा ढग उंच का दिसतो आणि पावसाळ्यातला ढग घाटात गाडीच्या काचेला का टेकतो, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

ढग व्हायला लागला की थंड होण्याचा वेग मंदावतो, कारण बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि ती हवेलाच मिळते. आपल्याकडच्या उबदार, दमट हवेत मग किलोमीटरला ४ अंशांच्या आसपासच घट होते. हा १० आणि ४ मधला फरक लक्षात ठेवा. वाईचे कोडे त्यानेच सुटणार आहे.

## आरोह पर्जन्य: जमीन हवेला उचलते

```
          .----------------------.
           \         घ          /
            '----.        .----'
                 |  ↑  ↑  |
                 |   ग    |
                 |  ↑  ↑  |
                 '--------'
      ख  - - - - - - - - - - - -
                  ' ' ' '
          ↑    ↑  ' ' ' '  ↑    ↑
               क         क
      ===========================
             तापलेली जमीन

 क : तापून वर चढणारी हवा
 ख : ढगाचा तळ (येथे हवा संपृक्त)
 ग : उभा वाढणारा ढग
 घ : पसरलेला माथा
 ' : पाऊस
```

ऊन थेट हवेला फारसे तापवत नाही. ते जमिनीला तापवते आणि जमीन तिला चिकटलेल्या हवेला. नांगरलेले रान, खडक, शहरातले काँक्रीट हे शेजारच्या झाडीपेक्षा जास्त तापतात, म्हणून त्यांच्यावरची हवा हलकी होऊन वर निघते. तापमान साधारण दुपारी दोन-तीनला सर्वांत जास्त असते आणि ढग उभा राहायला त्यानंतरही थोडा वेळ लागतो. त्यामुळे वळीव बहुधा दुपार कलल्यावर किंवा संध्याकाळी येतो. विषुववृत्तालगत, कांगो आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यांत, वर्षभर ऊन आणि बाष्प दोन्ही भरपूर असल्याने तिथे दुपारनंतरचा असा पाऊस नेहमीचाच आहे.

मात्र नुसत्या उन्हाने पाऊस पडत नाही. तसे असते तर मे महिन्यात विदर्भात रोज पाऊस झाला असता. हवेत पुरेसे बाष्प हवे आणि वरची हवा पुरेशी थंड हवी. वरची हवा उबदार असेल तर खालून निघालेली हवा वाटेतच तिच्याइतकी थंड होते आणि चढणे थांबते. वर थंड हवा असेल तर उचललेली हवा सतत भोवतालापेक्षा गरम, म्हणून हलकी राहते आणि चढतच जाते. असा ढग १२ किलोमीटर किंवा त्याहून उंच जातो. ५ किलोमीटरच्या आसपास तापमान शून्याखाली जाते, म्हणून त्याच्या वरच्या भागात बर्फ असतो आणि म्हणूनच गारा पडू शकतात. पुस्तकात याला क्युम्युलोनिम्बस म्हटलेले असते. साध्या भाषेत तो गर्जनमेघ.

वळवाच्या आधी जो गार वारा सुटतो आणि धुळीचे लोट उठतात, तो याच ढगाचा श्वास आहे. पाऊस २५०० मीटर उंचीवरून कोरड्या हवेतून खाली येत असतो. वाटेत बरेच थेंब वाळतात, वाळताना हवेतली उष्णता घेतात, आणि गार झालेली जड हवा धाडकन जमिनीवर उतरून चहूकडे पसरते. म्हणून पहिल्या थेंबाआधी वारा येतो. हीच गार हवा पुढे ढगाच्या मुळाशी जाऊन खालून येणारा गरम हवेचा पुरवठा तोडते. त्यामुळे एकटा असा ढग अर्ध्या-एक तासात संपतो. पाऊस जोराचा, पण थोडा वेळ आणि थोड्या जागेत. एका शिवारात पाणी वाहते आणि बांधापलीकडच्या गावात रस्ता कोरडा राहतो.

## प्रतिरोध पर्जन्य: डोंगर हवेला उचलतो

सह्याद्रीची आकृती काढताना मुले बहुतेक वेळा त्रिकोणी डोंगर काढतात. खरा सह्याद्री तसा नाही. पश्चिमेला कोकणाच्या बाजूने तो भिंतीसारखा उभा आहे आणि पूर्वेला पठाराकडे उतरत जातो. आकृतीतही तो तसाच दाखवावा.

```
            ( (   ग   ) )
           ' ' ' ' ' ' '
          ' ' ' ' ' ____
 वारा →   ' ' ' '  /    \__
      →   ' ' ' ' |        \__   घ →
      →     ख     |           \____
            ↗     |                \______ च
 ~~~~~~~~___क_____|
  समुद्र   कोकण     सह्याद्री      पठार

 क : दमट हवा चढू लागते
 ख : ढगाचा तळ
 ग : वाताभिमुख बाजूचा ढग व पाऊस
 घ : उतरणारी, तापणारी हवा
 च : पर्जन्यछायेचा प्रदेश
```

आता एक हवा प्रत्यक्ष या वाटेने नेऊ. जुलै महिना आहे. हर्णैच्या किनाऱ्यावर नैऋत्येकडून आलेली हवा २८ अंश तापमानाची, दवबिंदू २५. तिच्या प्रत्येक किलोत साधारण २० ग्रॅम बाष्प आहे. ती खेडवरून सरकत सह्याद्रीच्या कड्याला भिडते आणि वर जाण्यावाचून तिला वाट उरत नाही. ३७५ मीटरवर, सोयीसाठी ४०० धरू, ती २४ अंशांची होते आणि तिथे ढग सुरू होतो. महाबळेश्वरच्या माथ्यापर्यंत, म्हणजे १४०० मीटरपर्यंत, अजून १००० मीटर चढायचे आहे. हा चढ ढगातून आहे, म्हणून घट ४ अंशांचीच. माथ्यावर हवा २० अंशांची. जुलैत महाबळेश्वरला जी ओली थंडी वाजते, ती हीच.

२० अंशांच्या हवेत त्या उंचीवर किलोमागे सुमारे साडेसतरा ग्रॅमच बाष्प मावते. म्हणजे प्रत्येक किलो हवेने अडीच ग्रॅमच्या आसपास पाणी घाटात टाकले. हे फार कमी वाटते ना? पण वारा थांबत नाही. हवेचा १ किलोमीटर जाडीचा थर ताशी ३६ किलोमीटर वेगाने घाट चढतो आहे आणि त्यातले पाणी ४० किलोमीटर रुंद पट्ट्यात पडते आहे असे धरून गणित केले, तर दिवसाला ५५ ते ६० मिलिमीटर पाऊस येतो. असे दिवस ओळीने आले की महिन्याचा आकडा पावणेदोन हजार मिलिमीटरच्या घरात जातो.

पुढचा भाग परीक्षेत जास्त विचारला जातो आणि समजायला जास्त सुंदर आहे. माथा ओलांडून हवा वाईकडे उतरते. वाईची उंची साधारण ७२० मीटर, म्हणजे उतार ६८० मीटरचा. उतरताना हवेवरचा दाब वाढतो, ती आकसते आणि तापते. ढगातले पाणी घाटात चढतानाच पडून गेलेले आहे, त्यामुळे आता ४ चा दर लागू नाही, पूर्ण १० चा आहे. ६८० मीटरला सुमारे ७ अंश. वाईला पोहोचलेली हवा २७ अंशांची. चढताना हीच हवा त्याच उंचीवर पावणेतेवीस अंशांची होती. एकाच उंचीवर, त्याच हवेत, डोंगराच्या दोन बाजूंना चार अंशांहून जास्त फरक! अलीकडे सापेक्ष आर्द्रता १०० टक्के होती, पलीकडे ती ७० टक्क्यांच्या जवळ येते. पर्जन्यछाया म्हणजे पाणी संपलेली हवा नव्हे. बाष्प अजूनही साडेसतरा ग्रॅम आहे. हवा तापल्यामुळे त्याचे पाणी होत नाही, एवढेच.

प्रत्यक्ष पाऊसही हेच सांगतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच ते सहा हजार मिलिमीटर. रस्त्याने वीसेक किलोमीटरवर पाचगणी, तिथे १८०० मिलिमीटरच्या आसपास. घाट उतरून वाईत सातशे-आठशे. आणखी पूर्वेला माणदेशात दहिवडीकडे पाचशेच्या जवळ. पाचगणी उंचीने महाबळेश्वरपेक्षा फार खाली नाही, तरी पाऊस एक तृतीयांश. म्हणून "उंच ठिकाणी जास्त पाऊस" हे उत्तर चुकीचे. वाऱ्याच्या वाटेत पहिला चढ कोणता, हे महत्त्वाचे. गोव्यातही किनाऱ्यावरच्या पणजीपेक्षा घाटाच्या पायथ्याशी असलेल्या वाळपईला जास्त पाऊस पडतो.

हे गणित सोपे करून मांडले आहे. सगळीच हवा शिस्तीत माथ्यावरून जात नाही. काही डोंगरापुढे अडून साचते आणि पाऊस किनाऱ्यावर, अगदी समुद्रातही सुरू होतो. काही ढग वाऱ्याबरोबर माथ्यापलीकडे सांडतात, म्हणून पाचगणी कोरडी पडत नाही.

## आघाडीचा पाऊस: हवाच हवेला उचलते

हा प्रकार महाराष्ट्रात बसून समजायला अवघड, कारण तो आपल्याकडे होत नाही. पुस्तकात तो आवर्त पर्जन्याच्या बरोबर येतो. त्याचे खरे घर समशीतोष्ण पट्टा, विशेषतः ब्रिटन, नॉर्वे आणि उत्तर अटलांटिकच्या काठचे देश. तिथे ध्रुवाकडची थंड, जड हवा आणि दक्षिणेकडची उबदार, हलकी हवा समोरासमोर येतात. दोन्ही लगेच मिसळत नाहीत. त्यांच्यामध्ये एक सीमा तयार होते, ती आघाडी. नॉर्वेमधल्या बर्गन शहरात विल्हेल्म ब्यर्कनेस यांच्या गटाने या कल्पनेवर काम केले आणि त्यांचे पुत्र जेकब यांनी १९१९ मध्ये आघाड्यांसह आवर्ताची रचना मांडली. आजही हवामानाच्या नकाशावर तीच चित्रे दिसतात.

```
 उष्ण हवा  →                        . - '  क
          →                 . - '
          →         . - '  ख
             . - '
      . - '  ग            थंड हवा
 . - ' ' ' ' ' '
 ==========================================
 घ                      आघाडीची चाल  →

 क : पिसांसारखे उंच ढग
 ख : आभाळभर पसरलेला राखाडी थर
 ग : जाड थर आणि संततधार (')
 घ : जमिनीवरची उष्ण आघाडी
```

उष्ण हवा पुढे सरकत असेल तर ती थंड हवेच्या पाठीवर हळूहळू चढते. हा चढ इतका मंद असतो की आकृतीत तो खऱ्या मापाने काढताच येत नाही. साधारण १५० किलोमीटर जावे तेव्हा १ किलोमीटर उंची. याचा एक छान परिणाम होतो. ६ किलोमीटर उंचीवरचे पिसांसारखे ढग जमिनीवरच्या आघाडीच्या ९०० किलोमीटर पुढे असतात. आघाडी ताशी ४० किलोमीटरने येत असेल, तर ते ढग दिसल्यावर ती पोहोचायला सुमारे साडेबावीस तास लागतात. म्हणजे मँचेस्टरमध्ये राहणाऱ्या माणसाला आभाळ बघून दिवसभर आधी अंदाज येऊ शकतो. आधी पिसे, मग सूर्य दुधी काचेमागे गेल्यासारखा, मग राखाडी थर, आणि शेवटच्या सुमारे ३०० किलोमीटरच्या पट्ट्यात पाऊस. तो ताशी ४० च्या चालीने डोक्यावरून जायला सात-आठ तास घेतो. पाऊस हलका किंवा मध्यम, पण एकसारखा, गडगडाट बहुधा नाही.

थंड हवा पुढे सरकत असेल तर चित्र बदलते. ती जड असल्याने पाचरीसारखी उष्ण हवेखाली घुसते आणि तिला झटक्यात उचलते. सीमेचा उतार उभा असतो, ढग उंच होतात, जोराची सर येते आणि लवकर ओसरते. शीत आघाडी गेल्याची खूण ठळक असते. वाऱ्याची दिशा बदलते, तापमान खाली येते, हवेचा दाब चढू लागतो आणि आभाळ उघडते.

## समोरचा पाऊस कोणता, हे कसे ओळखायचे?

फक्त आभाळ बघून नेहमी सांगता येत नाही, कारण निसर्ग प्रकार मिसळतो. २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस घ्या. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि तिथून पंचवीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला सुमारे ७४. महिना मान्सूनचा, सह्याद्री जवळ, म्हणून कुणी "प्रतिरोध पर्जन्य" असे उत्तर लिहील. पण डोंगर दोन्ही ठिकाणांना सारखाच होता. डोंगरामुळे पाऊस झाला असता तर तो लांब पट्ट्यात पडला असता, शहराचा एक भाग बुडवून दुसरा सोडला नसता. एवढ्या थोड्या अंतरात इतका फरक म्हणजे उंच वाढलेल्या गर्जनमेघांचे काम. बाष्प मान्सूनने आणले, उचलण्याची पद्धत मात्र आरोहाची होती.

म्हणून मी मुलांना दोन गोष्टी बघायला सांगेन. पाऊस किती जागेवर पडला आणि किती वेळ टिकला. थोडी जागा, थोडा वेळ आणि उन्हानंतर, तर आरोह. एकाच बाजूच्या उतारावर, वारा आहे तोवर दिवसेंदिवस, तर प्रतिरोध. शेकडो किलोमीटरचा पट्टा सरकत येतो आणि जाताना तापमान बदलून जातो, तर आघाडी.

चक्रीवादळाबद्दल मोठा गोंधळ असतो. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेले निसर्ग चक्रीवादळ आघाडीचे उदाहरण म्हणून लिहिलेले आढळते. ते तसे नाही. उष्ण कटिबंधातल्या चक्रीवादळात थंड आणि उष्ण हवेची सीमा नसतेच, सगळी हवा उबदार आणि दमट असते. त्यातला पाऊस केंद्राभोवती वर्तुळात उभ्या राहिलेल्या गर्जनमेघांचा असतो. भारतात आघाडीच्या जवळ जाणारे उदाहरण हवे असेल, तर हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ लिहावेत. पंजाबात गव्हाला पाऊस आणि काश्मीरला बर्फ ते देतात. आपल्यापर्यंत येताना त्यांच्या आघाड्या बऱ्याच पुसट झालेल्या असतात आणि काश्मीरच्या हिमवर्षावात हिमालयाच्या चढाचाही मोठा वाटा असतो, हे एका वाक्यात जोडले तर उत्तर जास्त खरे होते.

आकृतीतल्या काही चुका मात्र सहज टाळता येतात. प्रतिरोधाच्या आकृतीत वाऱ्याचा बाण डोंगरापाशी थांबवू नका. तो माथ्यावरून पलीकडे खाली उतरलेला दाखवा, नाहीतर पर्जन्यछायेचे कारणच चित्रातून गळते. आरोहाच्या आकृतीत ढगाचा तळ सपाट काढा, कारण शेजारची सगळी हवा साधारण एकाच उंचीवर संपृक्त होते. आघाडीची रेघ उभी काढू नका, ती कायम थंड हवेच्या बाजूला कललेली असते आणि पाचरीचे टोक जमिनीवर असते. नकाशावर दाखवायची असेल तर शीत आघाडीला निळे त्रिकोण, उष्ण आघाडीला लाल अर्धवर्तुळे. दोन्ही चिन्हे आघाडी ज्या बाजूला सरकते आहे त्या बाजूला काढायची.